मुदत उलटल्यावर कोर्स सोडायचा असेल तर

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या विद्यापीठांत सेमिस्टरचे शेवटचे पाच-सहा आठवडे उरतात. कोर्स सोडण्याची नेहमीची मुदत बहुतेक ठिकाणी तोवर होऊन गेलेली असते. याच सुमारास पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूरच्या घरी फोन येतो, की तब्येत बिघडली आहे आणि एक विषय अजिबात झेपत नाही. घरचे सांगतात, ‘मग जाऊ नकोस वर्गाला, पुढच्या वेळी परीक्षा दे.’ हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तिथे तो फार महागात पडतो.

आपल्याकडे एखाद्या पेपरला बसलो नाही, तर एटीकेटी घेऊन पुढे जाता येते आणि तो पेपर नंतर सुटला की गाडी रुळावर येते. अमेरिकेत वर्गाला जाणे थांबवले म्हणून कोर्स सुटत नाही. नाव पटावर राहते, राहिलेल्या गृहपाठांना आणि परीक्षेला शून्य मिळते आणि सेमिस्टरअखेर गुणपत्रकावर ‘एफ’ उमटतो. कोर्स रीतसर सोडला तर ‘एफ’ऐवजी ‘डब्ल्यू’, म्हणजे विथड्रॉन, अशी नोंद होते. तिचे गुण धरत नाहीत, सरासरीत ती मोजत नाहीत.

कोर्स सोडण्याचे टप्पे साधारण तीन असतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स बदलता किंवा काढता येतो आणि गुणपत्रकावर त्याची खूणही राहत नाही. त्यानंतर काही आठवडे कोर्स सोडता येतो, पण ‘डब्ल्यू’ लागतो. ही दुसरी मुदत कधी संपते ते विद्यापीठागणिक वेगळे असते, बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरचा मध्य उलटल्यावर. इथवर कुणाला कारण सांगावे लागत नाही. त्यापुढे मात्र अर्ज करावा लागतो आणि तो डीनच्या कार्यालयासमोर किंवा एखाद्या समितीसमोर जातो. हाच ‘लेट विथड्रॉवल’. सेमिस्टर संपून निकाल लागल्यावर केलेला अर्ज आणखी वेगळा. त्याला ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे मागच्या तारखेने सोडणे, म्हणतात आणि तो मंजूर होणे सर्वांत कठीण.

विद्यापीठे या अर्जांना वेगवेगळी नावे देतात. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत ‘मेडिकल/कम्पॅशनेट विथड्रॉवल’ असा प्रकार आहे. त्यात स्वतःचे आजारपण किंवा जवळच्या माणसाचे गंभीर आजारपण, मृत्यू अशी कारणे बसतात. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्याला ‘वन-टाइम एक्सेप्शन’ म्हणून एकदाच मिळणारी सवलत आहे. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत तर २००७ पासून कायदाच आहे, की पदवीच्या विद्यार्थ्याला सगळे मिळून सहाच कोर्स सोडता येतील. पण गंभीर आजारामुळे सोडलेला कोर्स या सहांत धरायचा नाही, अशी सूटही त्याच कायद्यात आहे.

नावे वेगळी असली तरी समितीपुढचा प्रश्न बहुतेक सगळीकडे एकच असतो: मुदतीनंतर असे काय घडले, की जे विद्यार्थ्याच्या हातात नव्हते आणि ज्यामुळे हा कोर्स पुरा करणे त्याला शक्य राहिले नाही? अचानक आलेला किंवा अचानक बळावलेला आजार, अपघात, शस्त्रक्रिया, घरातला मृत्यू ही कारणे यात बसतात. गुण कमी पडताहेत, प्राध्यापक कडक आहेत, मुदत लक्षात राहिली नाही, आता दुसरी शाखा घ्यायची आहे ही कारणे बसत नाहीत. अंतिम परीक्षा देऊन झाली असेल तर अर्ज जवळजवळ नेहमीच फेटाळतात, कारण परीक्षा देता आली म्हणजे कोर्स पुरा करता आला, असाच अर्थ समिती काढते.

एक कल्पित प्रकरण तपशिलात बघू. माणसे खरी नाहीत, पण त्यातले टप्पे खरे आहेत. समजा, एक मराठी मुलगी मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. तीन विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट, म्हणजे एकूण नऊ. ऑगस्टअखेर वर्ग सुरू झाले. सप्टेंबरच्या मध्यापासून तिला झोप येईना, जेवण जाईना, खोलीबाहेर पडणे नकोसे झाले. १४ ऑक्टोबरला ती विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात गेली. तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणी झाली आणि २० ऑक्टोबरला नैराश्याची औषधे सुरू झाली. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्या भरवशावर तिने तिन्ही विषय चालू ठेवले. ३० ऑक्टोबरला मुदत संपली. ६ नोव्हेंबरला प्रकृती एकदम ढासळली आणि चार दिवस रुग्णालयात राहावे लागले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी अभ्यासाचा भार कमी करायला सांगितले. दोन विषय प्रकल्पावर चालणारे आहेत आणि त्यांच्या प्राध्यापकांनी मुदत वाढवून दिली आहे. तिसरा विषय अल्गोरिदमचा. त्यात दर आठवड्याला गृहपाठ, दोन चुकलेले, आणि डिसेंबरमध्ये मोठी लेखी परीक्षा.

आता आकडे बघा. दोन विषयांत ‘बी प्लस’ (३.३) आणि ‘बी’ (३.०) मिळाले आणि तिसऱ्यात ‘एफ’ आला, तर तिन्हींची सरासरी २.१ येते. तिसऱ्यात ‘डब्ल्यू’ लागला, तर दोनच विषय धरले जातात आणि सरासरी ३.१५ होते. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ३.० राखावे लागते, नाहीतर विद्यार्थ्याला ‘प्रोबेशन’वर टाकतात आणि पुढच्या सेमिस्टरमध्ये सुधारणा झाली नाही, तर प्रवेशही जाऊ शकतो. एका विषयाने एवढा फरक पडतो, म्हणून हा अर्ज करण्याजोगा असतो.

अर्जासोबत डॉक्टरांचे पत्र लागते आणि इथेच बहुतेक प्रकरणे कच्ची राहतात. विद्यार्थी काय जोडतात? औषधांची चिठ्ठी, रुग्णालयाचे बिल, फार तर ‘रुग्ण आमच्याकडे उपचार घेत असून विश्रांतीची गरज आहे’ असे दोन ओळींचे प्रमाणपत्र. शाळेत रजेच्या अर्जाला आपण जे जोडत आलो, त्याच धर्तीचे. यातून एवढेच सिद्ध होते, की ती आजारी होती. पण समितीला तेवढे पुरत नाही. त्या विशिष्ट आठवड्यांत, त्या विशिष्ट कामासाठी तो आजार आड आला का आणि मुदतीपूर्वी हे का कळले नाही, हे तिला हवे असते.

म्हणून चांगल्या पत्राचा कणा म्हणजे तारखा. आपल्या प्रकरणात डॉक्टरांनी पत्रात लिहावे, की ही विद्यार्थिनी २० ऑक्टोबरपासून माझ्या उपचारांखाली आहे. त्याआधी १४ तारखेला ती समुपदेशनासाठी आली होती. ६ नोव्हेंबरला प्रकृती गंभीर झाल्याने तिला दाखल करावे लागले आणि १० तारखेला घरी सोडले. या काळात एकाग्रता, स्मरण आणि झोप यांवर इतका परिणाम होता, की सलग लेखी परीक्षेची तयारी तिला शक्य नव्हती. कमी भाराचा अभ्यास मात्र ती देखरेखीखाली करू शकते. आणि सर्वांत मोलाचे वाक्य असे, की ऑक्टोबरअखेर उपचारांनी सुधारणा होईल अशी वाजवी अपेक्षा होती आणि पुढची घसरण आधी कळण्याजोगी नव्हती. या एका वाक्यात ‘मुदतीपूर्वीच का सोडले नाही’ या प्रश्नाचे उत्तर आहे. मंद गतीने वाढणाऱ्या आजारात हा प्रश्न हमखास येतो. अपेंडिक्स फुटले तर तो कुणी विचारत नाही. सप्टेंबरपासून चाललेल्या नैराश्यात मात्र समितीच्या मनात तो पहिला असतो, आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या निवेदनापेक्षा डॉक्टरांच्या पत्रात असणे बरे.

पत्र दवाखान्याच्या छापील कागदावर, सही आणि तारखेसह हवे. डॉक्टरांचा परवाना आणि संपर्क त्यावर हवा. बऱ्याच विद्यापीठांचा स्वतःचा फॉर्म असतो आणि तो डॉक्टरांनीच भरून थेट पाठवायचा असतो. नात्यातल्या डॉक्टरांचे पत्र सहसा चालत नाही. आजाराचे नाव उघड करावे लागेल या भीतीने कित्येक मुले अर्जच करत नाहीत. खरे तर अनेक ठिकाणी नेमके निदान लिहिण्याची सक्ती नसते. आजाराने अभ्यासावर काय परिणाम झाला हे आले की पुरते. अर्ज करण्यापूर्वी डीनच्या कार्यालयाला तेवढे विचारून घ्यावे.

उपचार त्या काळातच झालेले असणे फार महत्त्वाचे. नोव्हेंबरातल्या आजाराबद्दल पहिल्यांदा जानेवारीत भेटलेल्या डॉक्टरांनी पत्र दिले, तर त्यात ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ यापलीकडे त्यांना काही लिहिता येत नाही आणि समिती ते लगेच ओळखते. म्हणून कोर्स सोडायचा की नाही हे ठरलेले नसले, तरी तब्येत बिघडल्यावर डॉक्टरांकडे जाऊन नोंद होऊ द्यावी. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातली एक भेटही नंतर उपयोगी पडते.

याच ठिकाणी आपल्याकडच्या डॉक्टरांचा प्रश्न येतो. मुलीची आई पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल लावून देते, ते औषध सुचवतात आणि मागितले तर प्रमाणपत्रही देतात. उपचार म्हणून हा आधार चांगला असेल, पण कागद म्हणून तो बहुधा अपुरा पडतो. विद्यापीठ त्याला पूरक पुरावा मानेलही. व्हिसाच्या कामासाठी मात्र बरीच कार्यालये अमेरिकेत परवाना असलेल्याच डॉक्टरांचे पत्र मागतात. आणि न तपासता, मागच्या तारखा घालून दिलेल्या प्रमाणपत्राच्या वाटेला कुणीही जाऊ नये. समिती दवाखान्यात फोन करून पडताळणी करू शकते, आणि खोटा कागद सापडला तर प्रकरण कोर्सपुरते राहत नाही, शिस्तभंगाची कारवाई होते.

आणखी एक अडचण म्हणजे एकच विषय सोडण्याची. सगळे विषय सोडले तर आजाराची गोष्ट सरळ वाटते. तीनपैकी एक सोडला, की समिती विचारते: याच विषयात आजार आड आला, बाकी दोन्हींत कसा नाही? बऱ्याचदा हा एक विषय म्हणजे ज्यात गुण कमी तोच असतो, त्यामुळे शंका रास्त आहे. आपल्या प्रकरणात उत्तर आहे, पण ते मांडावे लागेल. दोन विषयांत प्रकल्प आहेत, त्यांच्या प्राध्यापकांनी ईमेलने वाढीव मुदत दिली आहे, ते ईमेल जोडले आहेत. तिसऱ्या विषयात साप्ताहिक गृहपाठ आणि तीन तासांची परीक्षा असल्याने तशी सोय होत नाही. अभ्यासक्रमपत्रिकेतली गुणांची विभागणीही जोडावी. या तिसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांना विद्यार्थिनी वर्गात शेवटची कधी आली हेही विचारले जाते, तेव्हा निवेदनातली तारीख त्यांच्या नोंदीशी जुळलीच पाहिजे.

प्राध्यापकांशी बोलताना आणखी एक शक्यता विचारून घ्यावी, ती ‘इन्कम्प्लीट’ची. कोर्सचे बहुतांश काम झालेले असेल आणि फक्त शेवटची परीक्षा किंवा प्रकल्प राहिला असेल, तर ‘आय’ ही नोंद करून पुढच्या सेमिस्टरमध्ये ते पुरे करू देतात. असे जमले तर कोर्ससाठी भरलेली फी वाया जात नाही. पण सेमिस्टरचा मोठा भाग राहिला असेल, तर ‘आय’ घेणे म्हणजे आजारातून उठल्यावर दुप्पट भार अंगावर घेणे आहे, आणि मुदतीत पुरे झाले नाही तर त्याचाच ‘एफ’ होतो.

यापुढचा भाग परदेशी विद्यार्थ्यांपुरता, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचा. एफ-१ व्हिसावर असलेल्याला प्रत्येक सेमिस्टरला पूर्ण भार घ्यावा लागतो. पदवीला तो सहसा किमान बारा क्रेडिट, मास्टर्सला विद्यापीठ ठरवेल तितका, बहुतेक ठिकाणी नऊ. नऊतले तीन काढले की उरतात सहा. म्हणजे डीनने अर्ज मंजूर केला तरी मुलगी व्हिसाच्या नियमांबाहेर जाऊ शकते. विचित्र वाटेल, पण ‘एफ’ मिळाल्याने व्हिसाला तसा थेट धक्का बसत नाही, कारण कोर्समध्ये नाव शेवटपर्यंत असते. परवानगीशिवाय ‘डब्ल्यू’ घेतला तर बसतो.

यावर नियमातच तोड आहे. आजारपणासाठी ‘रिड्यूस्ड कोर्स लोड’, म्हणजे कमी भाराची परवानगी मिळते. ती इंटरनॅशनल ऑफिसमधला अधिकारी देतो, ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, आणि तो सेविस या सरकारी संगणकप्रणालीत तशी नोंद करतो. त्यासाठी परवानाधारक डॉक्टर (एमडी किंवा ऑस्टिओपॅथीचे) अथवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञ यांचे पत्र लागते. समुपदेशन केंद्रातल्या प्रत्येकाकडे असा परवाना असतोच असे नाही, म्हणून सही कुणाची चालेल ते आधी विचारावे. आजारासाठी अगदी शून्य क्रेडिटपर्यंत भार कमी करता येतो. एका पदवीच्या काळात ही सवलत सगळी मिळून बारा महिन्यांपर्यंत मिळते आणि प्रत्येक सेमिस्टरला ताजे पत्र देऊन ती नव्याने मागावी लागते.

यात क्रम चुकला तर सगळे बिघडते. आधी डीएसओची परवानगी, मग कोर्स सोडणे. उलट केले, तर सोडल्याच्या दिवसापासून विद्यार्थी नियमभंगात येतो आणि डॉक्टरांचे पत्र कितीही चोख असले तरी ते मागाहून नीट करणे अवघड असते. म्हणून १० नोव्हेंबरला रुग्णालयातून सुटलेल्या या मुलीने डॉक्टरांकडून पत्र घेतल्यावर पहिला दरवाजा इंटरनॅशनल ऑफिसचा ठोठवावा, दुसरा अभ्यासक्रमाच्या सल्लागाराचा आणि डीनच्या कार्यालयात अर्ज त्यानंतर द्यावा. निकाल लागून गेल्यावर मागच्या तारखेने ‘डब्ल्यू’ मागायचा असेल, तर आधी डीएसओला विचारल्याशिवाय अर्जावर सही करू नये.

सगळेच विषय सोडून भारतात परत यायचे असेल, तर तो मार्ग निराळा. डीएसओ ‘ऑथराइज्ड अर्ली विथड्रॉवल’ अशी नोंद करतो आणि त्यानंतर देश सोडायला पंधरा दिवस मिळतात. पाच महिन्यांच्या आत परतायचे असेल तर जुनीच नोंद पुन्हा सुरू करता येते. त्याहून जास्त काळ बाहेर राहिल्यास बहुधा नवा आय-२० काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिथेच राहून उपचार घ्यायचे असतील तर कमी भाराची परवानगी हाच मार्ग. मात्र सगळे विषय सोडल्यावर विद्यापीठाचा आरोग्यविमा चालू राहतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप असेल तर तीही भाराशी बांधलेली असते, तेव्हा विभागालाही विचारावे.

पैशाबद्दल घरच्यांची एक समजूत असते, की आजारामुळे कोर्स सुटला म्हणजे फी परत मिळेल. ‘डब्ल्यू’ मंजूर होणे आणि फी परत मिळणे ही दोन वेगळी कामे आहेत. फी परतीची वेळापत्रके पहिल्या काही आठवड्यांतच शून्यावर येतात. पुढे वेगळा अर्ज करावा लागतो, तो बहुधा वेगळ्या कार्यालयाकडे, आणि त्यात काही अंशी परतावा मिळाला तरी पुष्कळ झाले.

हे सगळे आईवडिलांनी फोनवरून उरकण्यासारखे नाही. १९७४ च्या ‘फर्पा’ या कायद्यामुळे विद्यापीठ विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या अभ्यासाची माहिती सहसा पालकांनाही देत नाही आणि डॉक्टरांवर रुग्णाच्या माहितीबाबत तसेच बंधन असते. फी आपण भरतो, मग आपल्याशी का बोलत नाहीत, म्हणून वडील चिडतात. समोरचा कर्मचारी फक्त कायदा पाळत असतो. आजारी मुलाला इतके कागद एकट्याने गोळा करणे जड जाते, हे मात्र खरे. अशा वेळी मुलाने संमतीपत्रावर सही करून पालकाचे किंवा जवळ राहणाऱ्या मित्राचे नाव द्यावे. म्हणजे निदान अर्ज कुठवर आला आणि काय राहिले, एवढे तरी दुसऱ्या कुणाला विचारता येते.

अर्ज फेटाळला गेला तरी बहुतेक ठिकाणी अपील करता येते. त्याची मुदत छोटी असते आणि तीच कागदपत्रे पुन्हा पाठवून उपयोग नसतो. नकाराच्या पत्रात काय कमी होते ते वाचावे. कधी पत्रात तारखा नसतात, कधी परिणाम लिहिलेला नसतो, कधी मुदतीआधीच्या काळाचा खुलासा नसतो. डॉक्टरांना ते पत्र दाखवून नेमका तेवढा भाग भरून काढणारे पुरवणी पत्र मागावे. मंजूर झाला, तर पुढच्या सेमिस्टरआधी काही विद्यापीठे अभ्यास पुन्हा सुरू करण्याजोगी प्रकृती आहे असे पत्र मागतात. ते त्याच डॉक्टरांकडून घ्यावे आणि भार अजून कमीच हवा असेल, तर जानेवारीचे वर्ग सुरू होण्यापूर्वी ताजे वैद्यकीय पत्र घेऊन पुन्हा डीएसओकडे जावे.